६१७४ का थांबतो : वहीत उरले फक्त ३० संच

देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हा खेळ १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, तो इथे सगळ्यांनी कधी ना कधी खेळलेला असणार. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, मोठीतून लहान वजा करायची आणि उत्तराचं पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसले तर जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि हलत नाही. संगणकावर सगळ्या संख्या चाळणं सोपं आहे, पण त्यातून ‘का’ कळत नाही. म्हणून या वेळी सगळं वहीत केलं.

अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरले, की वजाबाकीचं उत्तर असं निघतं:

९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क)

सगळी किल्ली इथेच आहे. मूळ अंक कुठले होते याला महत्त्व नाही, फक्त दोन फरक उरतात: बाहेरच्या अंकांचा आणि मधल्या अंकांचा. ५२०० मध्ये ते ५ आणि २ आहेत, ९६४४ मध्येही ५ आणि २च. दोघांचं उत्तर ५१७५. बाहेरचा फरक १ ते ९, मधला ० पासून बाहेरच्या फरकापर्यंत. म्हणजे जोड्या ५४. हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात.

पुढची गाळणी मला जास्त आवडली. बाहेरचा फरक प आणि मधला म असेल, तर म शून्य नसताना उत्तराचे अंक नेहमी प, म−१, ९−म, १०−प असे येतात. टोकाच्या अंकांची बेरीज १०, मधल्यांची ८. (५, २) घालून पाहा: ५, १, ७, ५. आता प च्या जागी १०−प घातला तर टोकाचे अंक फक्त जागा बदलतात, आणि म च्या जागी १०−म घातला तर मधले. (६, २) चं उत्तर ६१७४ आणि (४, २) चं ४१७६. अंक तेच, म्हणून पुढची वाटही तीच. अशा जुळण्या काढल्यावर अंकांचे २५ वेगळे संच राहिले. म शून्य असताना अंक प−१, ९, ९, १०−प होतात, तिथून आणखी ५. एकूण ३०.

संख्या मोजक्याच, म्हणून कधीतरी आधीचं उत्तर परत येणारच. पण यातून फक्त फेरा सिद्ध होतो, एकाच संख्येवर थांबणं नाही. या दोन गोष्टींची गल्लत बऱ्याच ठिकाणी दिसते. दोन अंकांत हाच खेळ ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९ असा फिरतच राहतो. पाच अंकांत तर स्थिर संख्याच नाही. ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५.

स्थिर संख्या मात्र समीकरणानेच सापडते. समजा उत्तरातले मधले दोन अंकच सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान ठरले. मग नवा बाहेरचा फरक १० आणि २म यांच्यातला, नवा मधला १० आणि २प यांच्यातला. दोन्ही जुन्याइतकेच हवेत. प = १०−२म आणि म = २प−१० सोडवलं की म = २, प = ६. बाकीच्या चिन्हांनी एकतर अपूर्णांक येतो, नाहीतर प १० होतो, नाहीतर म प पेक्षा मोठा होतो. टोकाचे अंकच मोठा-लहान असले तर प = २प−१० (म्हणजे १०) किंवा प = १०−२प; दोन्ही बाद. मिश्र आणि शून्याच्या प्रकारांतही काही हाती लागत नाही.

एवढ्यावर दुसरा फेरा नाही हे ठरत नाही, त्यासाठी ३० संच बाणांनी जोडावे लागतात. जोडले, सगळे बाण शेवटी ६१७४ कडेच जातात. सर्वांत लांब वाटेचा एक नमुना:

५२०० → ५१७५ → ५९९४ → ५३५५ → १९९८ → ८०८२ → ८५३२ → ६१७४

वहीत करणाऱ्यांनी शून्य सांभाळावं. १००० मधून ०००१ गेल्यावर ०९९९ लिहायचं, ९९९ नाही. शून्य गाळलं तर पुढची वजाबाकी ० देते आणि नियमच मोडल्यासारखा वाटतो. नीट लिहिलं तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४.

आता पाच अंकांचे फेरे घेतलेत. तिथेही मधला अंक वजाबाकीत उडून जातो आणि दोनच फरक उरतात, म्हणजे ५४ जोड्यांचा हाच तक्ता चालायला हवा.