आधी आलेला पाहुणा

श्रावणातल्या सत्यनारायणाला आमच्याकडे पंचवीस-तीस माणसं येतात. सहा वर्षांच्या भाचीपासून ऐंशीच्या मावशीपर्यंत. गुरुजी संकल्पाला बसण्याआधी यजमानानं दोन शब्द बोलायचे, ही पद्धत मीच पाडली आणि पहिल्याच वर्षी तोंडघशी पडलो. नवग्रह, अष्टदिक्पाल, कलशाचा अर्थ... पंधरा मिनिटं झाली. मुलं केळीच्या खांबांची पानं फाडायला लागली, मावशींनी डोळे मिटले (ध्यान नव्हे), आणि शेवटी गुरुजीच म्हणाले, "यजमान, आचमन करा."

आता एवढंच सांगतो : "या, बसा. तुमच्याआधी आज एक पाहुणा आलाय, त्याची सरबराई कशी चाललीय ते बघा."

षोडशोपचार म्हणजे सोळा उपचार, आणि त्यांचा क्रम घरी पाहुणा आल्यासारखाच आहे. आधी आवाहन, म्हणजे या म्हणायचं. मग आसन, बसायला. पाद्य म्हणजे पाय धुवायला पाणी, अर्घ्य म्हणजे हातावर पाणी, आचमन प्यायला. प्रवासातून आलेल्याला आंघोळ, म्हणून स्नान, त्यातच पंचामृत. त्यानंतर वस्त्र, जानवं, गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य. मग प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. गुरुजी "पाद्यं समर्पयामि" म्हणाले की पळीतलं पाणी कशासाठी ते आता मुलांनाही कळतं. यंदा भाची बोटांवर मोजत होती. गुरुजींनी वस्त्र म्हणून कापसाची माळ वाहिली तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "एवढ्यानं थंडी कशी जाईल?"

कॉलेजातल्या पोरांसाठी एक वाक्य संकल्पाचं. भरतखंडे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, शालिवाहन शके, मग ऋतू, महिना, पक्ष, तिथी : कोण, कुठून, कधी बोलावतंय याचा हा पूर्ण पत्ता. आम्ही पुण्यात, म्हणून दक्षिण तीर. नागपूरच्या चुलतभावाकडे हे वाक्य बदलायला हवं, असं मी त्याला दरवर्षी सांगतो.

पोथीच्या पाच अध्यायांबद्दल मी काही बोलत नाही, मावशी बोलतात. "कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि नाव दिसेनाशी झाली. तेव्हा शिरा खाल्ल्याशिवाय कुणी उठायचं नाही." सव्वा किलो रव्याचा शिरा संपवायला याहून चांगला उपाय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा. अक्षता वाहून "पुनरागमनाय च", पुन्हा या, असं म्हणत पाहुण्याला निरोप दिला आणि कलश जरासा हलवला. तांदळावर गणपती म्हणून बसलेल्या सुपारीकडे भाची बराच वेळ बघत होती.

"मामा, गेले का ते?"

"गेले."

"मग आता ही आजीच्या अडकित्त्यात घालायची?"