शुक्रवारची वाट बघणारा निळा कुर्ता

ठाण्यात राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत आमचं कुर्त्यांचं छोटं दुकान आहे. गेल्या जूनमध्ये एका मंगळवारी नेहमीच्या काकू आल्या. निळा कॉटनचा कुर्ता त्यांनी आरशासमोर अंगाला लावून बघितला, रंगही आवडला. मग नीट घडी घालून माझ्या हातात दिला. "हा बाजूला ठेव गं. शुक्रवारी ऑफर टाकशीलच, तेव्हा नेते." त्यात घासाघीस अजिबात नव्हती. मीच लावून दिलेली सवय त्या पाळत होत्या.

त्या रात्री मी बिलं काढून बसले. दोन महिने दर शुक्रवारी मी इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वीस टक्के सवलत टाकत होते, आणि शुक्रवारची गर्दी बघून खूश होते. बिलांवरचे फोन नंबर जुळवले तेव्हा छातीत धस्स झालं. गर्दी बहुतेक जुन्याच गिऱ्हाइकांची होती. आधी त्या सोमवारी-बुधवारी यायच्या, आता शुक्रवारपर्यंत थांबत होत्या.

हजाराच्या कुर्त्यावर खरेदीचे 600 जाऊन मला 400 उरायचे. सवलतीत उरायचे 200, म्हणजे तेवढ्याच कमाईसाठी दुप्पट नग विकायला हवेत. प्रत्यक्षात आठवड्याला 50 नग जायचे त्याचे 54 झाले होते, आणि त्यातले 40 सवलतीत. 20,000 मिळायचे तिथे 13,600 हातात येत होते. शिवाय काकूंच्या मनात त्या कुर्त्याची किंमत आता 800 झाली होती. हजार त्यांना महाग वाटत होते, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या शुक्रवारी काहीच टाकलं नाही. "आज ऑफर नाही का?" असे मेसेज आले. आषाढात तसंही गिऱ्हाईक कमी, त्यामुळे ते तीन आठवडे फार जड गेले. काही जणी परत आल्याच नाहीत. पण नव्या मालाला सवलत लावायची नाही, हे मी सोडलं नाही. एखाद्या डिझाइनचे एकदोन साइज उरले की तेवढेच नग स्टोरीवर टाकते, "उरलेले साइज" असं कारण लिहून. स्टोरी चोवीस तासांत जाते. वार ठरलेला नसतो, कधी दीड महिना काहीच नसतं.

नवरात्रात रंगांच्या कुर्त्यांसाठी एकच पोस्ट टाकली: पहिल्या पंचवीस कुर्त्यांना बाही मोफत लावून. कुर्त्याची बाही बहुतेक आत सुटीच येते, ती लावायला आमचे टेलर 40 रुपये घेतात. म्हणजे 200 ऐवजी माझे 40 गेले, आणि लेबलवरचे हजार हजारच राहिले.

काकू तेव्हा आल्या. निळा कुर्ता केव्हाच गेला होता. त्यांनी पिवळा घेतला आणि विचारलं, "बाही संध्याकाळपर्यंत लावून मिळेल ना?"