सत्तावीस मेल आणि एक प्रश्न

मे महिन्यातली गोष्ट. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मिक्सरचा गिअरबॉक्स गेला होता. नवा मागवायचा तर पुरवठादाराला ४० टक्के आगाऊ रक्कम हवी होती, आणि ती मंजूर करणारे साहेब दौऱ्यावर. मी `Fwd: Re: Re: RE:` अशी शेपटी लागलेला मेल वर ‘कृपया बघावे’ लिहून त्यांच्याकडे ढकलला.

दहा मिनिटांत फोन आला. “अहो, नेमकं काय बघू? मोबाईलवर बोट दुखलं माझं. शेवट तर दिसतच नाही, मेल मध्येच कापला आहे.”

खरंच होतं. मेल १०२ केबीच्या आसपास गेला की जीमेल उरलेला भाग लपवतं. आमच्या सत्तावीस मेलांत निम्मा मजकूर सह्या, लोगो आणि ‘हा मेल गोपनीय आहे’चाच.

कूलरसमोर बसून साखळी खालून वर वाचायला घेतली, कारण सर्वांत जुना मेल तळाशी असतो. प्रत्येकाची तारीख, कोणी लिहिलं आणि काय ठरलं, एवढंच वहीत उतरवत गेलो. तिथे घोटाळा सापडला. सर्वांत वरचा मेल ११ तारखेचा, स्टोअरच्या भाऊंचा: ‘दर मान्य.’ पण भाऊंनी उत्तर दिलं होतं ३ तारखेच्या मेलला, जिथे दर ४,८०,००० होता. ९ तारखेला पुरवठादाराने ४,५५,००० केला होता, तो दुसऱ्या फांदीवर, फक्त खरेदी विभागाला. माझ्या साखळीत तो मेल नव्हताच, खरेदी विभागाला विचारल्यावर मिळाला. साहेबांनी वरचं वाचून मंजुरी दिली असती तर आगाऊच दहा हजार जास्त गेले असते. पुरवठादाराला फोन करून ४,५५,००० हाच दर पक्का करून घेतला.

मग नवा मेल लिहिला:

“गिअरबॉक्ससाठी १,८२,००० आगाऊ (४,५५,०००चे ४० टक्के, जीएसटी वेगळा) आज ४ वाजेपर्यंत मंजूर करावे. ३ तारखेचा ४,८०,०००चा दर रद्द. मुदतीबद्दल पुरवठादाराचे शब्द (९ मे): ‘आगाऊ मिळाल्यापासून ६ आठवडे.’ वॉरंटीचं उत्तर अजून आलेलं नाही.”

मुदतीचं वाक्य मुद्दाम जसंच्या तसं ठेवलं. ‘६ आठवड्यांत’ एवढंच लिहिलं असतं तर ऑर्डरच्या तारखेपासून मोजलं गेलं असतं. वॉरंटीची ओळ गाळायचा मोह झाला होता, पण न ठरलेलं सांगितलं नाही तर वाचणारा ठरलंच समजतो. मूळ साखळी आणि ९ तारखेचा मेल `Forward as attachment` करून जोडले, कोणाला पडताळायचं असेल तर.

साहेबांचं ‘मंजूर’ चहा संपायच्या आत आलं.

पुरवठादाराला ते कळवताना मात्र जुन्याच मेलला रिप्लाय करणार होतो. खाली तीन टिंबांआड खरेदीवाल्यांची ओळ दडलेली होती: ‘४.६० पर्यंत जायला हरकत नाही.’ कोरा मेल उघडला आणि दोन ओळींत कळवलं.