आमची वाटचाल: एक खण उघडा, शेजारचा बंद

आमची फर्म सुरू झाली ती दुरुस्तीच्या कामांवर. गळती, प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि भेगा बुजवणं. बाबा आणि मी, सोबत मुकादम मामा आणि सहा माणसं. भेगा बुजवण्याचं काम आम्ही चांगलं करायचो, असं आम्हाला वाटायचं. एका दुमजली घराच्या बाजूच्या भिंतीत आम्ही तीच भेग तीन वर्षांत तीनदा बुजवली, तेव्हा मात्र बाबांनी घरमालकांना सांगितलं, "आता पैसे घेणार नाही. भिंत आजारी नाही, तिच्या खालचं काहीतरी आजारी आहे."

ती भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघायची. वर बोटभर रुंद आणि खाली येता येता केसासारखी बारीक. पुढे आम्हाला कळलं की भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर बहुधा भिंतीचं टोक खाली चाललेलं असतं. मधला भाग खचला तर उलटं दिसतं, भेग खाली रुंद होते. भेगेच्या आकारात एवढं लिहिलेलं होतं आणि आम्ही त्यावर तीनदा पुट्टी फिरवली होती.

घरमालकांनी एका स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा आमच्याकडून भिंतीच्या कडेला दोन परीक्षण-खड्डे खणून घेतले. दगडी पाया जमिनीपासून ९० सेंटिमीटर खोल होता आणि ६० सेंटिमीटर रुंद. खाली काळी, चिकण माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घट्ट मुरूम लागला तो २.१ मीटरवर. म्हणजे घर बसलेलं होतं हलणाऱ्या मातीवर, आणि हात पुरेल इतक्या अंतरावर खाली चांगली जमीन होती. मॅडमनी जोत्यावर ठिकठिकाणी खुणा करून ऑटो लेव्हल या उंची मोजणाऱ्या यंत्राने वाचनं घेतली आणि भेगेवर काचपट्ट्या चिकटवल्या. चार महिन्यांत दोन पट्ट्या तडकल्या आणि कोपऱ्याची लेव्हल ३ मिलिमीटर खाली गेली. तेव्हा ठरलं, अंडरपिनिंग करायचं. उभ्या घराखालचा पाया मुरमापर्यंत खाली न्यायचा.

मॅडमनी विचारलं, "कराल?" बाबा म्हणाले, "शिकवाल तर करू." आमची खरी वाटचाल इथून सुरू झाली.

भिंत ९.६ मीटर लांब. तिचे १.२ मीटरचे आठ खण पाडले आणि जोत्यावर रंगाने आकडे टाकले. पहिल्या फेरीत १ आणि ५, दुसरीत ३ आणि ७, तिसरीत २ आणि ६, शेवटी ४ आणि ८. एका वेळी भिंतीचा चौथा हिस्साच उघडा, आणि उघड्या दोन खणांच्या मध्ये कायम तीन खण टेकलेले. खचलेला कोपरा आठव्या खणात येत होता. त्याच्या शेजारचा सातवा भक्कम झाल्यावरच त्याला हात लावायचा आणि कोपऱ्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही उघडायच्या नाहीत, हे मॅडमनी वहीत लाल पेनाने लिहून दिलं. वळणावरच्या भिंतीचे तीन खण त्यानंतर घ्यायचे. त्यांची खोली पायऱ्या-पायऱ्यांनी कमी करत जुन्या पायाला मिळवायची. अर्धी भिंत मुरमावर आणि अर्धी मातीवर असा एकदम बदल झाला, तर नवी भेग नेमकी त्या सांध्यावर येते.

मामांना हे पटत नव्हतं. खालची माती काढली तर भिंत पडणार, एवढंच त्यांना दिसत होतं. मॅडमनी वीटभिंतीतलं दार दाखवलं. चांगल्या बांधणीची भिंत छोट्या पोकळीवर स्वतःच कमान धरते आणि वरचं वजन दोन्ही बाजूंना वळतं. या भिंतीचं वजन मीटरला साधारण सहा टन होतं. एक खण उघडला की सात टनांच्या आसपास वजन शेजारच्या दोन खणांच्या मातीवर वाटलं जातं आणि तेवढं ती काही दिवस सोसते. दोन खण शेजारी-शेजारी उघडले तर पोकळी २.४ मीटरची होते, कमान टिकत नाही आणि शेजारच्या मातीवरचा भारही दुप्पट होतो. ज्या भिंतीतला चुना धुऊन गेलाय, दगड हाताने हलतात, तिथे १.२ मीटरही जास्त. अशा भिंतीत आम्ही आधी सांधे भरून घेतो आणि खण ९० सेंटिमीटरचा धरतो.

पहिला खण खणायला दीड दिवस लागला. आधी भिंतीच्या बाहेर माणूस उभा राहून काम करू शकेल एवढा खड्डा, बाजूंना फळ्या आणि आडवे धिरे. मग तिथून आत, पायाखाली. मुरूम लागल्यावर आणखी १५ सेंटिमीटर. पायाच्या तळाला चिकटलेली माती खरवडून, तारेच्या ब्रशने घासून काढली, कारण नवं काम त्या दगडाला भिडणार होतं. तळ मॅडमनी स्वतः उतरून पाहिला आणि काँक्रीट त्याच दिवशी झालं. तळ उघडा ठेवून रात्र काढायची नाही. पाणी मुरलं की वरचा थर लोण्यासारखा होतो आणि सगळी मेहनत त्या लोण्यावर बसते. कधी काँक्रीट उशिरा येणार असेल, तर आम्ही तळावर पाच सेंटिमीटरचा साधा काँक्रीटचा थर टाकून तो झाकतो. खणाच्या दोन्ही बाजूंना सळ्यांचे तुकडे बाहेर ठेवले, पुढे शेजारचा खण त्यांना धरून भरला गेला.

एका खणात एक घनमीटरपेक्षा थोडं कमीच काँक्रीट गेलं. जुन्या पायापर्यंत मात्र ते भरलं नाही. वर ७५ मिलिमीटर फट मुद्दाम ठेवली. या कामाचा जीव त्या फटीत आहे. काँक्रीट सुकताना आकसतं, म्हणून त्याला तीन दिवस द्यायचे. मग फटीत एकाला तीन असा सिमेंट-वाळूचा कोरडा माल ठासायचा. मुठीत दाबला तर गोळा राहिला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये, इतकंच पाणी. मागच्या टोकापासून सुरुवात करून थोडा-थोडा टाकायचा आणि लाकडी ठोकळा व हातोड्याने प्रत्येक थर ठासायचा. फट याहून अरुंद ठेवली तर ६० सेंटिमीटर आतपर्यंत ठोकळा चालत नाही, रुंद ठेवली तर मालच आकसतो. ठासल्यावर पुन्हा दोन दिवस थांबायचं, तोवर शेजारचा खण उघडायचा नाही.

म्हणजे एका फेरीला आठवडा, आठ खणांना महिना. त्या महिन्यात निम्म्याहून जास्त दिवस आमची माणसं थांबलेली असायची. घरमालकांना ते बघवत नसे.

चूक आमच्याकडून झाली ती तिसऱ्या अंडरपिनिंगच्या कामात, आणि ती सांगायलाच हवी. पावसाळा तोंडावर होता, मी घाई केली. ठासायला नवीन माणूस लावला आणि दोन दिवस साइटवर गेलो नाही. त्याने माल ओलसर कालवला, कारण ओला माल थापीने सहज आत जातो. समोरून फट भरलेली, सपाट, देखणी दिसत होती. पुढच्या फेरीत शेजारचा खण उघडला आणि संध्याकाळी काचपट्टी तडकलेली दिसली. लेव्हल घेतली, भिंत २ मिलिमीटर उतरली होती. मामांनी पातळ सळई घेतली आणि भरलेल्या फटीत हातोडीने मारली. पुढचे दोन इंच कडक, त्यामागे सळई सरसर आत गेली. मागे पोकळ होतं.

नव्या खांबावर वजन आलंच नव्हतं. तो खाली नुसता उभा होता आणि शेजारची माती काढल्याबरोबर भिंत त्या पोकळीवर बसू लागली. त्या रात्री आम्ही उघडलेल्या खणात जाड लाकडी ठोकळे आणि पाचर ठोकून भिंत धरली. पुढच्या चार दिवसांत आधीच्या फेरीतल्या सगळ्या फटी एकेक करून उकरल्या आणि नव्याने ठासल्या. तो खर्च आमचा होता आणि घरमालकांना मी कारण जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक फटीवर, ठासल्याच्या दुसऱ्या दिवशी, तीन ठिकाणी सळई मारून बघितल्याशिवाय पुढचा खण उघडत नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी लेव्हल. वाचन १ मिलिमीटरनेही बदललं तर खोदाई बंद, आधी कारण शोधायचं.

आलेली सगळी कामं आम्ही घेत नाही. एका घराचा कोपरा खचत होता, घरमालक अंडरपिनिंगसाठी तयारच होते. परीक्षण-खड्ड्यात चिखल निघाला आणि जवळचा सांडपाण्याचा पाइप फुटलेला सापडला. पाणी पायाखालची बारीक वाळू धुऊन नेत होतं. पाइप बदलला, भोवतीची जागा घट्ट भरली आणि वर्षभर लेव्हल घेत राहिलो. कोपरा थांबला. तिथे पायाला हात लावावा लागला नाही. मोकळ्या वाळूत पाणी वर असेल तरीही ही पद्धत आम्ही नाकारतो. खण उघडताच वाळू वाहत आत येते आणि पंप लावला तर शेजारच्या भिंतीखालचीही ओढली जाते. चांगली जमीन तीन मीटरपेक्षा बरीच खाली असेल तर पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, करणाऱ्यांकडे पाठवतो. कॉलमच्या इमारतीत सगळं वजन एकेका फुटिंगवर, म्हणजे कॉलमखालच्या सुट्या पायावर येतं, तिथे खण पाडून चालत नाही, आधी कॉलमचं वजन टेकूंवर घ्यावं लागतं. ते वेगळं काम आहे.

घरमालकांना सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगतो. घर वर उचललं जाणार नाही, जिथे आहे तिथे थांबेल. आणि काम चालू असताना ते थोडं आणखी बसेल, कारण वजन जुन्या मातीवरून नव्या तळावर जाताना प्रत्येक सांधा किंचित दबतो. पहिल्या घराचा कोपरा कामाच्या महिन्यात ४ मिलिमीटर उतरला आणि दोन बारीक नव्या रेषा आल्या. मॅडमनी एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा जाईपर्यंत प्लास्टरला हात लावू दिला नाही. त्या काळात आठ वाचनं झाली आणि कोपरा जागचा हलला नाही. मग मामांनी ती भेग चौथ्यांदा बुजवली. त्याला आता १७ वर्षं झाली. जोत्यावरचे आकडे घरमालकांनी रंग देताना तसेच ठेवले आहेत आणि आमच्याकडे नवीन माणूस आला की मी त्याला आधी ती भिंत दाखवायला नेतो.