आमची वाटचाल : बिलावरील अक्षरी रक्कम

सांगलीच्या बाजारपेठेतील हळद आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांसाठी बिले छापणारा एक छोटा प्रोग्राम तयार करून आमच्या फर्मची सुरुवात झाली. पहिल्याच ग्राहकाने मागितलेली गोष्ट म्हणजे बिलाखाली मराठीत 'अक्षरी रुपये', आणि आजही प्रत्येक नव्या आवृत्तीत आम्ही सर्वांत जास्त तपासतो ती हीच ओळ.

रक्कम अक्षरांत मांडण्याची रीत सोपी आहे. आकड्यातून आधी कोटी वेगळे काढायचे, उरलेल्यातून लाख, मग हजार, मग शेकडे, आणि शेवटी शंभराच्या आतली संख्या ठेवायची. जो गट शून्य असेल त्याचे नाव घ्यायचे नाही. त्यामुळे 1,00,07,050 म्हणजे 'एक कोटी सात हजार पन्नास'. इंग्रजीत वीसनंतरचे शब्द जोडून बनवता येतात, पण मराठीत एकोणसाठ, एकसष्ट, त्र्याण्णव असे प्रत्येक रूप वेगळे असल्याने नव्याण्णवपर्यंतचा पूर्ण तक्ताच प्रोग्राममध्ये ठेवावा लागतो. नेमक्या शंभराला 'शंभर' आणि एकशे एकला 'एकशे एक', हा फरकही सांभाळावा लागतो. तक्त्यातील शब्द आम्ही मोठ्याने वाचून तपासतो, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांची अदलाबदल नजरेतून सहज सुटते.

खरा धोका पूर्णांकनात असतो. जीएसटीच्या कायद्यानुसार कराची रक्कम जवळच्या रुपयात पूर्ण करतात, म्हणजे पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर वरचा रुपया धरतात, आणि व्यापारी बिलाची बेरीजही बहुधा तशीच पूर्ण करतात. एका ग्राहकाकडील जुन्या प्रोग्राममध्ये बेरीज 99,999.50 आली असता आकड्यात 1,00,000 छापले गेले, पण अक्षरी ओळ पूर्णांकनाआधीच्या रकमेवरून बनत असल्याने तिथे 'नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव रुपये पन्नास पैसे' असे आले. एकाच बिलावर दोन रकमा दिसल्या की देणारा कमी रकमेकडे बोट दाखवतो. म्हणून आम्ही रक्कम पैशांत, पूर्ण संख्या म्हणून ठेवतो, पूर्णांकन एकदाच करतो आणि आकडा व अक्षरे दोन्ही त्याच एका संख्येवरून छापतो. धनादेशासारख्या दस्तऐवजांवर आकडा आणि अक्षरे जुळली नाहीत तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी, असे 1881 चा परक्राम्य संलेख कायदा सांगतो. बिल हा तसा दस्तऐवज नसला, तरी बाजारात वाचणारा माणूस अक्षरांवरच अधिक भरवसा ठेवतो.

छेडछाडीची वाटही याच रचनेतून निघते. शून्य गटाचे नाव घेतले जात नसल्यामुळे 'सात हजार दोनशे' याच्या आधी 'एक लाख' लिहिले, तर पुढचा एकही शब्द बदलावा लागत नाही, आणि आकड्यातही 7,200 च्या आधी '1,0' इतकेच वाढवावे लागते. म्हणून 'रुपये' आणि पहिला शब्द यांच्यामध्ये जागा सोडू नये, आकड्याच्या डाव्या बाजूला तारांकित चिन्हे छापावीत आणि शेवट 'फक्त' या शब्दाने बंद करावा. इतके करूनही एक फट राहते. अरुंद कागदावर 1,07,005 ची अक्षरी रक्कम 'एक लाख सात हजार' इथे तुटून 'पाच फक्त' पुढच्या ओळीवर गेली, तर पहिल्या ओळीच्या मोकळ्या शेपटीत 'नऊशे' बसते, आकड्यातील शून्याला शेपूट जोडले की नऊ होतो, आणि मालकाकडून खर्च वसूल करणारा नोकर 1,07,905 चे बिल दाखवतो. यासाठी ओळ तुटली तर तिची उरलेली जागाही आम्ही चिन्हांनी भरतो, आणि शेवटच्या मालाखालच्या रिकाम्या रकान्यांवर तिरकी रेघ मारतो.

या उपायांनी खाडाखोड अवघड होते, पण कोणी तसेच संपूर्ण बिल नव्याने छापले तर कागद पाहून ओळखता येत नाही. पाच कोटींपेक्षा अधिक उलाढालीच्या व्यवसायांनी दुसऱ्या नोंदणीकृत व्यवसायाला दिलेल्या ई-इन्व्हॉइसवर डिजिटल सही असलेला क्यूआर कोड असतो आणि त्यात बिलाची एकूण रक्कमही असते, त्यामुळे तिथे ताळा घेता येतो. आमचे बरेच ग्राहक त्या मर्यादेखालचे आहेत. आपल्या मनाने छापलेला साधा क्यूआर कोणीही बनवू शकतो, म्हणून तो सुरक्षेचा पुरावा मानू नये, असे आम्ही त्यांना स्पष्ट सांगतो. त्यांच्यासाठी विक्रेत्याकडील तिसरी प्रत हाच ताळ्याचा आधार आहे. म्हणून आमच्या प्रोग्राममध्ये छापलेले बिल दुरुस्त करता येत नाही, चूक असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते आणि रद्द झालेल्या बिलाचा क्रमांकही यादीत तसाच दिसतो.