आमची वाटचाल : पीएफचा कोड आणि अडकलेली बिलं

भोसरीत आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. एक शिअरिंग, एक प्रेस ब्रेक, दोन टिग, चार सीओटू वेल्डिंग मशीन. प्रेस ब्रेक जुनाच घेतलेला पण बेंड अजून काटकोनात मारतो, नव्या मशीनवाल्यांनी येऊन बघावं.

2021 ला आम्ही 11 जण झालो. कारखान्यात 10 माणसं झाली की ईएसआय लागतंच. पीएफ 20 ला लागतो, पण चाकणचे आमचे पहिल्यापासूनचे कस्टमर, ते म्हणाले, "शेठ, कोड काढा, साइटचं काम तुम्हालाच देतो." मग बहुतेक कामगारांची संमती घेऊन पीएफही खुशीने घेतला. श्रम सुविधा पोर्टलवर एकाच अर्जात दोन्ही कोड मिळतात, पॅन, पत्त्याचा पुरावा, बँक खातं आणि डिजिटल सही तयार ठेवायची.

घोळ पुढे झाला. दर महिन्याचं काम एका कन्सल्टंटकडे होतं. तो ईसीआर, म्हणजे महिन्याची पीएफची फाइल, अपलोड करायचा, चलन बनवून त्याची प्रिंट पाठवायचा आणि आम्ही त्याच्या खात्यात पैसे टाकायचो. पैसे त्याने भरलेच नाहीत! कस्टमरच्या अकाउंट्सने चलन तपासलं आणि आमची बिलं थांबवली, तिकडे पगार द्यायचे, पत्रेवाला दारात, आणि आमच्या मागच्या गल्लीतला एकजण, ज्याने एकाही पोराचा पीएफ कधी भरला नाही, तो कमी रेट देऊन माझं दुसरं काम घेऊन गेला. हे मी विसरणार नाही. वर व्याज आणि दंड मालकालाच, कन्सल्टंटला कुणी विचारत नाही.

तेव्हापासून मी स्वतः भरतो. फाइलमध्ये माणशी एक ओळ असते:

```
100000000000#~#MEMBER NAME#~#16000#~#14000#~#14000#~#14000#~#1680#~#1166#~#514#~#2#~#0
```

आधी यूएएन म्हणजे कामगाराचा पीएफ नंबर, नाव, मग ग्रॉस 16000 आणि पीएफचा पगार 14000. त्याचे 12 टक्के म्हणजे 1680 कामगाराचे कापायचे. आपलेही 1680, त्यातले 8.33 टक्के म्हणजे 1166 पेन्शनला जातात, उरलेले 514 पीएफला. शेवटून दुसरा आकडा बिनपगारी दिवसांचा. यूएएनला आधार जोडलेला नसेल तर ती ओळ अडते, आमच्या जुन्या वेल्डरकाकांच्या नावात एक स्पेलिंग वेगळं होतं तेवढ्यावर अडलं, म्हणून माणूस रुजू होतानाच आधार बघून नाव टाका.

अपलोड झालं, व्हेरिफाय केलं की चलनाचा टीआरआरएन नंबर येतो. नंबर आला म्हणजे पैसे भरले असं नाही! नेटबँकिंगने भरल्यावर स्टेटस Payment Confirmed दिसलं पाहिजे. कन्सल्टंट ठेवा, पण हे पान स्वतः उघडून बघा.

ईएसआय वेगळ्या पोर्टलवर. 16000 वर कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 120 आणि आपले 3.25 टक्के म्हणजे 520. पगार 21000 च्या वर गेला म्हणून पोराला ईएसआयमधून लगेच काढू नका, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे काळ असतात, चालू काळ संपेपर्यंत कापायचंच.

दोन्हींची तारीख पुढच्या महिन्याची 15. कामगाराकडून कापलेला हिस्सा उशिरा भरला तर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च धरता येत नाही, असं 2022 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं. मी 10 तारखेलाच भरून मोकळा होतो, आणि दोन्ही चलनं चाकणच्या साहेबांना बिलासोबतच जातात.