मुंबई ते प्राग : स्वस्त तिकीट आणि मधला थांबा

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन प्रागला जायचे ठरले, तेव्हा निघण्याच्या आणि परतण्याच्या तारखा चार-सहा दिवस मागेपुढे करण्याची मोकळीक आम्हाला होती. थेट विमान नसल्याने वाटेत कुठेतरी विमान बदलणे भागच होते. आईला भरभर चालवत नाही, त्यामुळे तिकीट स्वस्त हवे असले तरी मधल्या विमानतळावर धावपळ होता कामा नये, ही अट मी आधीच घालून घेतली होती.

गूगल फ्लाइट्सवर तारखांची चौकट उघडली की जाण्याची तारीख एका बाजूला, येण्याची दुसऱ्या बाजूला आणि प्रत्येक घरात त्या जोडीचे भाडे दिसते. मात्र त्या घरातला आकडा त्या दिवशीच्या सर्वांत स्वस्त प्रवासाचा असतो, मग तो प्रवास कितीही गैरसोयीचा असो. आमच्या चौकटीत सर्वांत कमी भाडे माणशी सुमारे 47 हजार रुपये होते. ते घर उघडून पाहिले, तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे आखाती शहरात जोडलेली होती आणि शेजारी Self-transfer असे लिहिलेले होते. अशा प्रवासात सामान मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागते, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावे लागते, म्हणजे बहुधा त्या देशाचा व्हिसाही लागतो. शिवाय पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्या कंपनीवर आपली कोणतीही जबाबदारी नसते. म्हणून मी थांब्यांची संख्या एक आणि प्रवासाचा एकूण कालावधी अशा गाळण्या आधी लावल्या आणि मगच चौकट पुन्हा वाचली. आकडे वाढले, पण आता ते आमच्या उपयोगाचे होते.

तारखा वाचताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. मुंबईहून युरोपकडे किंवा आखाताकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर, पहाटे दोन-चारच्या सुमारास सुटतात. चौकटीत 14 तारीख निवडली असेल, तर घरून 13 तारखेच्या रात्रीच निघावे लागते. रजेचा अर्ज त्याप्रमाणेच करावा.

गाळणीतून उरलेल्या पर्यायांपैकी एक फ्रँकफर्टमार्गे होता आणि मध्ये पंचावन्न मिनिटांचा थांबा होता. विमानतळाने ठरवलेल्या किमान वेळेपेक्षा थांबा जास्त असला, की एकाच तिकिटावर अशी जोडणी विकली जाते. परंतु फ्रँकफर्ट आणि प्राग दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांत पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात येत असल्याने आपले पासपोर्ट फ्रँकफर्टलाच तपासले जातात, आणि त्या रांगेचा काही भरवसा नसतो. आखातात विमान बदलताना ही रांग नसते, फक्त सामानाची आणि अंगाची सुरक्षा तपासणी असते. म्हणून एक तासाचा थांबा दोन्ही ठिकाणी सारखा धरता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे विमान चुकले, तर पुढचे कधी आहे. एकाच तिकिटावर प्रवास असेल, तर कंपनी पुढच्या विमानात जागा देते, पण त्या शहरातून प्रागला दिवसातून एक-दोनच विमाने असतील, तर ती जागा दुसऱ्या दिवशीची असू शकते. उलट आखातातून मुंबईला दिवसभरात कितीतरी विमाने सुटतात. त्यामुळे जाताना मी अडीच तासांपेक्षा लहान थांबा घेतला नाही, येताना मात्र दीड तासही चालवून घेतला. दोन्ही बाजूंना एकच नियम लावला असता, तर दोन चांगल्या तारखा हातच्या गेल्या असत्या.

एकाच तिकिटावर, जाताना दोन तास चाळीस मिनिटांच्या थांब्याचा पर्याय साडेत्रेपन्न हजारांना होता. तो लगेच न घेता मी त्या तारखांसाठी Track prices सुरू केले. काही दिवसांनी भाडे उतरल्याची ईमेल आली, पण उघडल्यावर दिसले, की उतरलेले भाडे परतीला पंधरा तासांच्या रात्रीच्या थांब्याचे होते. सूचना आली, की आपल्याला हव्या त्याच विमानांचे भाडे उतरले आहे का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते. पुढे आमच्याच विमानांचे भाडे पन्नास हजारांच्या आसपास आले, तेव्हा कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन सामानासह अंतिम रक्कम तपासली आणि तिथेच तिकीट काढले.

तिकीट काढल्यावरही वेळापत्रक बदलू शकते, विशेषतः ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, जेव्हा युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात आणि विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक लागू होते. आमचा परतीचा प्रवास त्यानंतरचा होता, म्हणून निघेपर्यंत दर आठवड्याला बुकिंग उघडून दोन्ही थांब्यांच्या वेळा पाहत राहिले.